नहेम्यावर संदेश देताय? या चुका टाळा

नवीन प्रार्थनागृहाची कोनशिला बसवायची ठरली की संदेशासाठी हमखास नहेम्याचं पुस्तक उघडतं. यरुशलेमेचा पडलेला कोट, जळालेल्या वेशी आणि सगळ्यांनी मिळून केलेलं काम, सगळं प्रसंगाला शोभणारं. पण हाच संदेश हातातून निसटताना मी पुष्कळदा पाहिलाय. एकदा तो माझ्याकडूनच निसटला.

तेव्हा मी तिसरा अध्याय सोडून दिला होता. नावांची यादी कोण ऐकणार, असं वाटलं. दुसऱ्या अध्यायातली रात्रीची पाहणी सांगितली आणि थेट चौथ्यातल्या भाल्या-तलवारींवर उडी मारली. उपासना सुटल्यावर लोक चहा पिता पिता कशावर बोलत होते? आपल्या जागेला कोण विरोध करतंय, यावर. श्रमदानाला कोण कधी येणार, हा विषयच निघाला नाही. संदेश चुकला हे इथेच ओळखायचं.

खरा माल तिसऱ्या अध्यायातच आहे. सुरुवात मुख्य याजक एल्याशीबापासून होते. तो आपल्या भाऊबंदांसह मेंढेवेस बांधतो. मग 'त्याच्या शेजारी', 'त्याच्या शेजारी' करत चाळीसच्या आसपास तुकड्यांची नोंद येते. त्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं बनवणारे आहेत, व्यापारी आहेत. गवंड्यांची वेगळी तुकडी मात्र दिसत नाही. शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींना घेऊन उभा आहे (3:12). 'बायकांनी फक्त जेवणाचं बघावं' असं पंचकमिटीत कोणी म्हणालं, तर एवढी एक ओवी पुरते. बऱ्याच जणांना आपापल्या घरासमोरचाच भाग मिळाला, मशुल्लामाला तर आपल्या खोलीसमोरचा. दारासमोरची भिंत कोण कच्ची ठेवील?

तकोवाच्या लोकांवर जरा थांबा. त्यांच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही, असं पाचव्या ओवीत स्पष्ट लिहिलंय. आपण एवढंच वाचतो आणि न आलेल्यांना टोमणा मारून मोकळे होतो. पण सत्ताविसाव्या ओवीत तेच तकोवाचे लोक दुसरा भाग हातात घेतात. मोठे आले नाहीत म्हणून साध्या माणसांनी काम टाकलं नाही, उलट दुप्पट केलं. दोन्ही ओव्या एका दमात वाचा, नाहीतर टोमणा तेवढा लोकांच्या लक्षात राहतो. आणि हो, नावं घरी दोनदा मोठ्याने वाचून या; तिथे अडखळलात की मागच्या बाकावरची तरुण मंडळी गेलीच म्हणून समजा.

दुसरी चूक 52 दिवसांची. '52 दिवसांत कोट उभा राहिला, मग आपलं प्रार्थनागृह नाताळपर्यंत का होणार नाही?' टाळ्या पडतात, आणि नाताळात पाळकसाहेब तोंड लपवतात. 52 दिवस हा फक्त कामाचा हिशेब आहे. त्याआधी किस्लेव ते नीसान असे चारेक महिने प्रार्थनेत गेले. मग राजाची परवानगी, लाकडासाठी वनरक्षक आसाफाला पत्र, आणि यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवस मुक्काम. शिवाय काम बहुतांशी डागडुजीचं होतं, जुने दगड तिथेच पडलेले होते. तुमच्याकडे रिकामा प्लॉट आहे, बांधकाम परवाना यायचाय, स्लॅब टाकल्यावर त्याला पाणी मारत थांबायचंय. आकडा सांगायचाच असेल तर चौथ्या अध्यायातली दहावी ओवीही सांगा: ओझी वाहणारे थकले, आणि मलबा फार आहे. बांधकामापेक्षा मलबा हलवणं लोकांना जास्त दमवतं. जुनी शेड पाडलेल्या कोणालाही विचारा.

कोटाच्या कामाला विरोध करणारे सनबल्लट आणि तोबीया यांच्याबद्दल थोडक्यात. शेजारच्या सोसायटीने पार्किंगवरून तक्रार केली म्हणून कोणी सनबल्लट होत नाही. तो शोमरोनचा सत्ताधारी होता. दरबारी राजकारण आणि लाउडस्पीकरची कुरबुर एका तागडीत घालू नका.

आता सगळ्यात जास्त वगळला जाणारा पाचवा अध्याय. कोटाचं काम चालू असताना गरिबांचा आक्रोश उठतो: दुष्काळ, राजाचा कर, शेतं गहाण, मुली दास्यात. सावकार परके नव्हते, आपलेच भाऊ होते. बांधकाम फंड जमवताना हा अध्याय टाळणं सोयीचं असतं. वर्गणीची यादी रकमेसकट दाराला लावायची, घरटी ठरावीक आकडा बांधून द्यायचा, अशी सूचना येते, आणि रोजंदारीवरचं एखादं कुटुंब हळूच उपासनेला यायचं बंद होतं. चूक कळेपर्यंत दोन-तीन रविवार गेलेले असतात. म्हणून आकडा सांगण्याच्या आधी हा अध्याय घ्या. त्यात नहेम्या सावकारांना झापतो, गहाण शेतं परत करायला लावतो, आणि त्याच दमात कबूल करतो की मी, माझे भाऊ आणि माझे चाकर, आम्हीही लोकांना पैसा आणि धान्य उसनं देतोय (5:10). व्यासपीठावरून वाचताना ते 'आम्हीही' गिळू नका.