बंद अ‍ॅडॅप्टिव्ह हेडलाइट आणि सर्व्हिस सेंटरला केलेला ईमेल

आरे कॉलनीतल्या अंधाऱ्या वळणांवर माझ्या सेकंडहँड गाडीचे दिवे स्टिअरिंगबरोबर वळत नव्हते. ‘हे फीचर नंतर चालू होतं का?’ एवढंच विचारलं, तर ‘तुमच्या व्हेरियंटमध्ये नाही’ असं ठरावीक उत्तर मिळतं. म्हणून ईमेलमध्ये चासी नंबर आणि हेडलॅम्पच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर फोटोसकट दिला आणि नेमकं विचारलं: या दिव्यात झोत वळवणारी मोटर आहे का? असेल तर फक्त गाडीच्या सॉफ्टवेअरमधलं त्याचं कोडिंग बंद आहे का?

उत्तर आलं, मोटर आहे, कोडिंग बंद. त्यांनी ते चालू केलं आणि बीमचं कॅलिब्रेशनही करून दिलं. ते आग्रहाने मागाच, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. मोटरच नसती, तर मात्र हेडलॅम्पच बदलावे लागले असते.