रिसेप्शनच्या घागऱ्याची छटा टेलरला अशी लिहून द्या

मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका. प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो. चिठ्ठीला हव्या त्या रंगाच्या कापडाचे तुकडे टाचा आणि छटा कुठून कुठे बदलायची ते कमरेपासून इंचांत लिहा. उदाहरणार्थ:

"मास्तर, घागऱ्याची उंची ४० इंच. वरचे १४ इंच अबोली, तुकडा १ प्रमाणे. खालचे १४ इंच डाळिंबी, तुकडा २ प्रमाणे. मधल्या १२ इंचांत अबोली हळूहळू गडद होत जावी, कुठेही पट्टा उठू नये. अस्तर अबोलीच घ्या. रंगाऱ्याकडून आधी जॉर्जेटचा नमुना रंगवून आणा, तो पाहिल्यावरच पुढचं."

अस्तराचं आवर्जून लिहा, कारण जॉर्जेट पातळ असतं. खाली पांढरं अस्तर आलं तर डाळिंबीसुद्धा फिकी दिसते. नमुना पूर्ण वाळल्यावरच पाहा, ओलं कापड नेहमी गडद वाटतं. एकदा दिवसाउजेडी आणि एकदा हॉलसारख्या पिवळ्या दिव्याखाली बघा.

घागरा कळ्यांचा असेल तर सगळ्या कळ्यांवर छटा घेरापासून सारख्याच उंचीवर सुरू व्हायला हवी. नाहीतर शिवल्यावर जोडाजोडाशी रंगाची पायरी दिसते, आणि ती नंतर दुरुस्त होणं फार अवघड.