डिस्कॉर्ड सर्व्हरचं नाव ठेवताना या चुका टाळा

डिस्कॉर्डवर नवा सर्व्हर उघडला की नावाच्या चौकटीत तुमच्या युजरनेमसोबत `'s server` असं आधीच लिहिलेलं असतं. घाईत बरेच जण तेच ठेवून पुढे जातात. चार मित्रांपुरतं ते चालतं. पण निमंत्रणाची लिंक बाहेर गेली की अनोळखी माणसाला मुख्यतः आयकॉन, नाव आणि सदस्यांची संख्या दिसते. चॅनेल, नियम, तुम्ही मेहनतीने लिहिलेला स्वागताचा मजकूर हे सगळं आत आल्यावरचं. आत यायचं की नाही, हे तो बहुधा नावावरूनच ठरवतो, आणि कोणाच्या तरी खासगी बैठकीत आगंतुकासारखं घुसायला फारसं कुणी तयार नसतं.

एक उदाहरण घेऊ. हौशी फोटोग्राफी शिकणाऱ्यांचा एक सर्व्हर आहे आणि त्याचं नाव आहे ‘शॅडो लीजन’. सावली आणि प्रकाशाशी संबंध म्हणून संस्थापकांना ते आवडलेलं. बाहेरच्याला मात्र ती एखाद्या गेमची टोळी वाटते. हा घोळ ओळखायला सर्वेक्षण लागत नाही, नव्या माणसांचे पहिले मेसेज वाचले की पुरे. ‘इथे कोणता गेम खेळता?’ असं वारंवार विचारलं जात असेल, किंवा माणसं येऊन एक शब्दही न लिहिता त्याच दिवशी निघून जात असतील, तर संशय आधी नावावर घ्या. दुसरं कारणही असू शकतं. आल्याआल्या पडताळणीच्या पाच पायऱ्या असतील तरी लोक पळतात. पण प्रश्नच चुकीचे येत असतील, तर दोष नावाचाच.

मग विषय कळावा म्हणून नाव बदलून ‘प्रो फोटोग्राफर्स एलिट’ केलं जातं. विषय कळला, पण ज्याच्यासाठी सर्व्हर काढला तो नवशिका दारातूनच परत गेला. ‘प्रो’, ‘एलिट’, ‘मास्टर्स’ हे शब्द आतल्यांना सुखावतात आणि बाहेरच्याला परीक्षेला बसवतात. आतल्या विनोदावरून ठेवलेल्या नावाचंही तेच होतं. ‘ऑफिशियल’ हा शब्द तर एखाद्या कंपनीच्या किंवा गेमच्या नावापुढे परवानगीशिवाय लावूच नका. ती तोतयेगिरी ठरते आणि सर्व्हरवर कारवाई होऊ शकते.

या सर्व्हरला ‘फोटो सराव: नवशिक्यांसह’ हे नाव जास्त शोभलं असतं. विषय पहिल्याच शब्दात आहे, आत काय चालतं ते दुसऱ्यात, आणि कोणाला प्रवेश आहे ते शेवटी. मर्यादा 100 अक्षरांची असली तरी मोबाईलवर लांब नाव मध्येच कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं आधी. मी ‘नवशिक्यांसाठी’ऐवजी ‘नवशिक्यांसह’ निवडेन, कारण वर्षभरात हात बसलेल्या सदस्याला आपण इथले नाही असं वाटायला नको. नाव पक्कं करण्याआधी सर्व्हरवर नसलेल्या दोन-तीन जणांना फक्त नाव दाखवा आणि विचारा, आत काय चालत असेल? तुम्ही गेला असता का? उत्तरादरम्यान खुलासा करावासा वाटला, तर नाव अजून जमलेलं नाही.

सजावटीची अक्षरं हा वेगळाच ताप. `𝓟𝓱𝓸𝓽𝓸` अशी वळणदार इंग्रजी अक्षरं म्हणजे फॉन्ट नव्हे, ती युनिकोडमधली गणिती चिन्हं आहेत. स्क्रीन रीडर ती नीट वाचत नाहीत, कधी एकेक चिन्हाचं लांबलचक नाव सांगत बसतात, कधी सरळ गाळतात. साधं `Photo` टाइप करून शोधणाऱ्यालाही असा सर्व्हर सापडेलच याची खात्री नाही.

चालू सर्व्हरचं नाव बदलणं `Server Settings` मधून मिनिटाचं काम आहे, पण सदस्यांना त्याची सूचना आपोआप जात नाही. अचानक अनोळखी नाव दिसलं की काहींना सर्व्हर हॅक झाला असं वाटतं, काही जण ‘आपण इथे कधी आलो?’ म्हणत बाहेर पडतात. म्हणून आधी घोषणा करा, दोनेक आठवडे ‘फोटो सराव (आधीचं शॅडो लीजन)’ असं ठेवा आणि तेवढे दिवस आयकॉनला हात लावू नका. डावीकडच्या पट्टीत सदस्य त्यावरूनच सर्व्हर ओळखतात. नाव रुळलं की मग आयकॉन बदला.

जुन्या निमंत्रणाच्या लिंका नाव बदलल्याने तुटत नाहीत, त्या सर्व्हरला जोडलेल्या असतात. स्वतः निवडलेली खास लिंक असेल तर मात्र सांभाळा. तीही नावासोबत बदलत नाही, आणि तुम्ही ती बदललीत तर सोडलेली लिंक दुसरं कोणीही घेऊ शकतं. म्हणून ती आधी जिथे जिथे दिली आहे तिथून काढा, मगच सोडा.