काळ्या पट्टीवर नवं सिलिकॉन ओढू नका

बडोद्याच्या पावसाळ्यात बेसिनमागच्या फटीतली सिलिकॉनची पट्टी काळी पडली, की पुष्कळजण तिच्यावरच नवा थर ओढतात. जुन्या सिलिकॉनला नवं नीट धरत नाही. महिनाभरानं कडेला नख लावा, सालासारखं सोलून येईल. म्हणून जुनी पट्टी कटरनं दोन्ही बाजूंनी कापून काढा, चिकटलेला पापुद्रा ब्लेडनं खरवडा, स्पिरिटनं पुसा आणि फट एक दिवस वाळू द्या.

ओटा संगमरवराचा किंवा कोटाचा असेल, तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नकोच, त्यातलं आम्ल दगडाला डाग पाडतं. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून एका दमात भरा, ओल्या बोटानं दाबा आणि वर साय धरण्याआधी टेप ओढा. मग चोवीस तास पाणी लागू देऊ नका.