शेततळ्याचा कागद मागवण्याआधी: मापाची तयारी

शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाची ऑर्डर खोदाई पूर्ण झाल्यावरच द्यायची, हे सगळ्यात आधी. नकाशावर तळे ३० बाय २५ मीटर आणि ३ मीटर खोल असते, पण पोकलेनवाल्याच्या हातून तसेच्या तसे उतरत नाही. कुठे उतार उभा राहतो, कुठे तळ फूटभर खाली जातो. कागद कारखान्यात पट्ट्या जोडून एकसंध करून येतो आणि एकदा जोडला की परत घेत नाहीत. म्हणून खोदाई, उताराची सफाई, दगड-मुळ्या वेचणे आणि मुरूम टोचत असेल तर वर चाळलेल्या मातीचा थर, एवढे सगळे उरकू द्या. मग टेप काढा.

माप घेताना खोली कुठून धरायची ते आधी ठरवा. आपल्याकडे खोदलेली माती काठावर टाकून बांध चढवतात, त्यामुळे निम्मे तळे जमिनीत आणि निम्मे भरावात असते. कागद बांधाच्या माथ्यापर्यंत चढणार आहे, तेव्हा खोलीही बांधाच्या माथ्यापासून तळापर्यंतच मोजायची, मूळ जमिनीपासून नाही. लांबी-रुंदीही बांधाच्या आतल्या काठापासून समोरच्या आतल्या काठापर्यंत. भराव ताजा असेल तर पाणी मारून दाबून घ्या. पहिल्या पावसात बांध बसला की काठ खाली येतो आणि घेतलेले माप काही कामाचे राहत नाही.

आता हिशेब. उतार साधारण १:१.५ ठेवतात, म्हणजे १ मीटर खोलीला दीड मीटर आडवे. ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजूने साडेचार मीटर आत जायचे, म्हणून वर ३० बाय २५ असलेल्या तळ्याचा तळ २१ बाय १६ मीटर उरतो. उताराची तिरकी लांबी काढायला शाळेतला पायथागोरस पुरतो: आडवे ४.५ आणि उभे ३, यांच्या वर्गांची बेरीज २९.२५, तिचे वर्गमूळ ५.४१. म्हणजे लांबीच्या दिशेने कागद तळावर २१ मीटर आणि दोन्ही उतारांवर मिळून १०.८२ मीटर, एकूण ३१.८२ मीटर लागतो. रुंदीच्या दिशेने १६ अधिक १०.८२, म्हणजे २६.८२.

या आकड्याकडे जरा थांबून बघा. वरची लांबी ३० आणि लागणारा कागद ३१.८२, म्हणजे खोलीपायी वाढ फक्त १.८२ मीटर. १:१.५ उताराला प्रत्येक बाजूला, दर मीटर खोलीमागे कागद ३० सेंटिमीटरच जास्त लागतो. ‘लांबी अधिक दुप्पट खोली’ हे सूत्र दुकानात सर्रास सांगतात, पण ते उभ्या भिंतीच्या हौदाचे आहे. काहीजण त्याच्याही पुढे जाऊन वरच्या लांबीतच दोन्ही तिरके उतार मिळवतात, म्हणजे उताराखालची जमीन दोनदा मोजतात.

काठावरचा भाग राहिला. बांधाच्या माथ्यावर आतल्या काठापासून अर्धा मीटर सोडून चौफेर चर घ्यायचा, अर्धा मीटर खोल आणि अर्धा मीटर रुंद. कागद माथ्यावरून अर्धा मीटर जातो, चरात अर्धा मीटर उतरतो आणि चराच्या तळावर अर्धा मीटर पसरतो. असा दर बाजूला दीड मीटर, दोन्ही बाजू मिळून ३. कागद वाचवायचा म्हणून इथे कात्री लावू नका. तळे भरताना पाण्याचे वजन कागदाला खाली ओढते, वारा सुटला की रिकाम्या तळ्यातला कागद वर उचलतो, आणि दोन्ही वेळी त्याला धरून ठेवतो तो हा चरच.

बेरीज झाली ३४.८२ बाय २९.८२. यात ढिलाईसाठी थोडे वाढवून ३५.५ बाय ३०.५ मागवा, म्हणजे १,०८३ चौरस मीटर. हौदाच्या सूत्राने हाच कागद ३९ बाय ३४, म्हणजे १,३२६ चौरस मीटर झाला असता. जवळपास अडीचशे चौरस मीटरचे पैसे वाया.

ढिलाई हवीच. प्लास्टिक उन्हात पसरते आणि रात्री आखडते; एवढ्या लांबीत दिवसा-रात्रीचा फरक सहज दहा-पंधरा सेंटिमीटरचा पडतो. भर दुपारी ताणून बसवलेला कागद पहाटे उतार आणि तळ जिथे मिळतात तिथे जमिनीपासून सुटून अधांतरी राहतो. त्यावर पाणी चढले की सांधा तिथेच उकलतो. हाताने दाबून बघा: कागद मातीला टेकलेला असेल तर हात थांबतो, पोकळ असेल तर आत जातो. कोपऱ्यात मात्र उलटे होते. तिथे कागद उरतो आणि चुण्या पडतात. त्या एका बाजूला नीट घडी घालून बसवायच्या, कापायच्या नाहीत.

कागद कमी का पडतो, तेही समजून घ्या. समजा पोकलेनने उतार १:१.५ ऐवजी १:१ ठेवला. तळ मोठा झाला, पाणी जास्त मावणार म्हणून आपण खूश. पण उभ्या उताराला दर मीटर खोलीमागे ३० ऐवजी ४१ सेंटिमीटर जादा लागतात. मग लांबीला ३५.४९ मीटर हवेत, म्हणजे ढिलाई सगळी संपली. त्यात तळ ३० सेंटिमीटर जास्त खोल गेला असेल तर गरज ३५.७३ वर जाते आणि कागद चराच्या तळापर्यंत पोचत नाही. शिवाय मातीत उभा उतार टिकत नाही, तो घसरतो, हे वेगळेच.

म्हणून वहीतल्या हिशेबावर विसंबून ऑर्डर देऊ नका. लांब सुतळी घ्या, एकाने एका बाजूच्या चराच्या तळातले टोक धरायचे, दुसऱ्याने सुतळी काठावरून, उतारावरून, तळावरून जमिनीला टेकवत समोरच्या चरात न्यायची. लांबीत तीन ठिकाणी आणि रुंदीत तीन ठिकाणी असे करा. दोन्ही दिशांना जे मोठे माप येईल तेच धरा, सरासरी नको, आणि त्यावर अर्धा-पाऊण मीटर ढिलाई चढवा. सुतळी आणि हिशेब यांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक आला तर उतार पुन्हा तपासा.

ऑर्डरच्या चिठ्ठीवर नुसते चौरस मीटर लिहू नका. १,०८३ चौरस मीटर कोणत्याही आकाराचे येऊ शकतात. लांबी आणि रुंदी दोन्ही मीटरमध्ये लिहा, कारण आपला टेप बहुतेक वेळा फुटाचा असतो. जाडी ५०० मायक्रॉन आणि मानक आयएस १५३५१ हेही घाला. अनुदानातून घेत असाल तर मंजुरीपत्रातला आकार आणि प्रत्यक्ष खोदाईचा आकार जुळतो ना, ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडून आधीच पाहून घ्या. कागद आला की दहा बाय दहा सेंटिमीटरचा नमुना सोनाराच्या काट्यावर ठेवा. ५०० मायक्रॉनचा तुकडा साधारण पावणेपाच ग्रॅम भरतो. तीन-साडेतीन भरला तर कागद उलगडण्याआधीच विक्रेत्याला फोन लावा.

आणि एवढ्या मापाचा कागद पाचशे किलोच्या घरात जातो. तो ओढत नेला तर खड्यांवर घासून पहिल्याच दिवशी भोके पडतात, तेव्हा ट्रॉली थेट बांधाजवळ जाईल अशी वाट आणि उचलायला पुरेशी माणसे आधी ठरवून ठेवा.