लीडरशिपच्या निबंधात घरची जबाबदारी कशी लिहायची

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप आहे, तिच्यावर तिकडे एक वर्षाचं मास्टर्स करता येतं. अर्जात चार निबंध असतात आणि त्यातल्या लीडरशिपच्या निबंधाशी आपली मुलं हमखास अडखळतात. ना कॉलेजात जीएस, ना एनएसएसचा लीडर, ना ऑफिसात हाताखाली कुणी. मग एक तर ओढूनताणून एखादं पद शोधतात, नाहीतर घरची सगळी कहाणी ओततात. मला ही स्कॉलरशिप मिळाल्यापासून दरवर्षी ओळखीपाळखीतले मसुदे वाचायला येतात. त्यातला एक, मुलीची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून, इथे सांगते.

मुलगी सोलापूर जिल्ह्यातली. वडिलांच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास मशीनवर. स्वतःची नोकरी सांभाळून हे सगळं तीच बघायची. मसुद्यातलं पहिलं वाक्य होतं, ‘वडील आजारी पडले आणि घराची सगळी जबाबदारी माझ्यावर आली.’ पुढे आईचं रडणं, भावाची फी, रात्रीची जागरणं. वाचून पोटात कालवलं, पण निबंध बसत नव्हता. प्रश्न असा असतो की तुम्ही इतरांवर प्रभाव कसा टाकलात. जबाबदारी ‘आली’ म्हटलं की तिथे तुम्ही काही ठरवलेलंच नसतं.

मी तिला एकच विचारलं, ‘तुझ्यामुळे घराबाहेरच्या कुणाचं वागणं बदललं का गं?’ आधी नाही म्हणाली. मग बोलता बोलता वडापच्या गाडीचा विषय निघाला, आणि तोही ‘ते काय, सोयीसाठी केलं’ अशा सुरात.

झालं होतं असं. त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन गावांतले दोन पेशंट त्याच सेंटरला यायचे. तिघांचे वार-वेळा जुळत नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक घर स्वतंत्र गाडी करायचं. उपचार सरकारी योजनेतून फुकट, पण गाडीभाड्यात घर बुडत होतं. एका घराने तर तिसरी फेरी चुकवायला सुरुवात केली होती. हिने टेक्निशियनला गाठून तिघांना एकाच दिवशी, एकाच पाळीत मशीन मिळेल का विचारलं. सकाळची पाळी मिळेना, दुपारची मिळत होती. एका घरातले आजोबा दुपारला तयार नव्हते, परतायला अंधार होतो म्हणून. त्यांच्या सुनेशी बोलून हिने गाडी आधी त्यांच्या दारात सोडेल असं ठरवलं. वडापवाल्याशी महिन्याचा दर बांधला. पहिल्याच महिन्यात भांडण झालं: एक पेशंट ॲडमिट होता, त्याने गैरहजर दिवसांचे पैसे का द्यायचे? तिघांना बसवून नियम केला की ॲडमिट असेल तर निम्मा वाटा. हिशेबाची वही पुढे तिच्या भावाने घेतली आणि ती नोकरीसाठी पुण्याला गेल्यावरही गाडी चालू राहिली.

निबंध इथेच होता. ज्यांच्यावर तिचा काडीचा अधिकार नव्हता, अशा दोन घरांना तिने एका गोष्टीला राजी केलं होतं. आजोबांचा विरोध आणि पैशांचं भांडण ती गाळणार होती, ‘वाईट दिसतं’ म्हणून. मी म्हटलं, तेच ठेव. सगळे लगेच हो म्हणाले असते तर प्रभाव कुठे दिसला असता? नव्या मसुद्यात वडिलांचा आजार दोन वाक्यांत आटोपला आणि निम्म्याहून जास्त जागा या वाटाघाटीला गेली. शेवटी, हीच पद्धत ती कामाच्या क्षेत्रात कुठे वापरणार ते तीन ओळींत, करिअर प्लॅनच्या निबंधाशी जुळेल असं.

मसुदा तपासायची माझी रीत साधी आहे. ‘मी’ कर्ता असलेली क्रियापदं अधोरेखित करायची. ‘सोसलं, सांभाळलं, पेललं’ एवढीच निघाली तर ते दुःखाचं वर्णन आहे. ‘विचारलं, पटवलं, ठरवलं, बदललं, सोपवलं’ अशी निघायला हवीत. इंग्रजीत लिहितानाही हेच बघा, कारण तिथे ‘आय हॅड टु’ फार लवकर घुसतं.

दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. अर्जाला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. त्यात स्वयंसेवी काम धरतात, पण घरच्या माणसाची सेवा म्हणजे कामाचा अनुभव नव्हे, तेवढे तास नोकरीतून किंवा स्वयंसेवी कामातूनच दाखवा. दुसरं म्हणजे मुलाखत. तिथे याच प्रसंगावर खोदून विचारतात: आजोबा ऐकलेच नसते तर? दर कुणी ठरवला? खरं घडलेलं असेल तर उत्तर तोंडावर येतं. फुगवलेलं असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला ततपप होतं. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या आजाराचे तपशील लिहू नका, तिच्या वडिलांनी तर स्वतःहून एक दुरुस्ती सुचवली: दर तू नाही, मी घासाघीस करून उतरवला होता. तिने ते वाक्य बदललं.