डॅशबोर्डवर No data दिसतं तेव्हा, आणि Poor दिसतं तेव्हा

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार असाल तर किमान तासभर आधी लाइव्ह कंट्रोल रूम उघडून बसा आणि प्रीव्ह्यूजवळच्या स्ट्रीम हेल्थच्या खुणेकडे लक्ष ठेवा. No data आणि Poor ही एकाच आजाराची दोन रूपं नव्हेत. No data म्हणजे या इव्हेंटपर्यंत तुमच्याकडून काहीच पोचत नाहीये. Poor म्हणजे पोचतंय, पण अपुरं किंवा चुकीच्या पद्धतीनं. No data असताना बिटरेट कमी-जास्त करत बसणं म्हणजे नळच बंद असताना बादली बदलण्यासारखं आहे.

पहिली तपासणी स्ट्रीम कीची. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं, खाली हिरवी खूण आली, आकडेही हलतायत, तरी डॅशबोर्डवर No data, हा प्रकार हमखास भेटतो. ती हिरवी खूण एवढंच सांगते की समोरचा सर्व्हर डेटा घेतोय. तो कोणत्या इव्हेंटला जातोय, हे ओबीएसला कळत नाही. एका चॅनलच्या अनेक स्ट्रीम की असू शकतात. ओबीएसमध्ये गेल्या कार्यक्रमाची की राहिली आणि आजच्या इव्हेंटला दुसरी जोडलेली असेल, तर चित्र जातं भलतीकडेच. म्हणून इव्हेंटच्या पानावरूनच की कॉपी करा, मागेपुढे मोकळी जागा न राहता पेस्ट करा. की बदलण्याआधी स्ट्रीमिंग थांबवा, मग पुन्हा सुरू करा. त्यानंतर काही सेकंद थांबा, खूण लगेच बदलत नाही.

सर्व्हर कस्टम निवडला असेल तर पत्ताही अक्षरशः जुळवा:

```
rtmp://a.rtmp.youtube.com/live2
```

की आणि पत्ता दोन्ही बरोबर असूनही ओबीएस जोडलंच जात नसेल तर संशय नेटवर्कवर घ्या. साधं आरटीएमपी 1935 पोर्टवरून जातं आणि कार्यालयांच्या फायरवॉलमध्ये तो बऱ्याचदा बंद असतो. त्याचं सुरक्षित रूप आरटीएमपीएस 443 वरून जातं, ते बहुतेक ठिकाणी चालतं. फोनच्या हॉटस्पॉटवर दोन मिनिटं चालवून पाहिलं की दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

आता Poor. समजा 720p, 30 फ्रेम, व्हिडिओ 4000 आणि ऑडिओ 128 केबीपीएस ठेवलंय, म्हणजे साधारण 4.1 एमबीपीएस सतत वर जायला हवेत. स्पीड टेस्टनं अपलोड 5 दाखवला म्हणून तुम्ही निश्चिंत. पण त्याच वायफायवर कुणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप सुरू होतो आणि 2 एमबीपीएस खातो. उरले 3. थोडा वेळ ओबीएसचा बफर सांभाळून घेतो, मग फ्रेम गाळायला लागतो. डॅशबोर्डवर Poor येतं आणि पुरेसा व्हिडिओ मिळत नसल्याचा संदेश दिसतो. हा संदेश वाचाच, निदान त्यातच असतं. अशा वेळी बॅकअप बंद करा, लॅपटॉपला केबल लावा आणि बिटरेट 2500 वर आणा. चित्र जरा मऊ दिसेल, पण अडखळणार नाही. माझं मत विचाराल तर अपलोडच्या निम्म्याहून थोडा जास्त, एवढाच बिटरेट ठेवावा. स्पीड टेस्ट काही सेकंदांची असते, कार्यक्रम दोन तासांचा.

ओबीएसची स्टॅट्सची खिडकी शेजारी उघडी ठेवा. Dropped Frames (Network) वाढत असेल तर दोष लाइनचा. एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर संगणक दमलाय, तिथे इंटरनेटवाल्याला फोन करून काही हाती लागत नाही.

लाइन उत्तम असूनही इशारा येत राहिला तर कीफ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र असलेली फ्रेम, किती वेळानं जाते ते पाहा. यूट्यूबला दोन सेकंदांचा अंतराल हवा असतो, चारच्या वर जाऊ नये. कस्टम सर्व्हरवर ही सेटिंग 0, म्हणजे ऑटो राहिली, तर एक्स264 एन्कोडर दर 250 फ्रेमला एक कीफ्रेम टाकू शकतो. 30 फ्रेमच्या हिशेबानं ते आठ सेकंदांहून जास्त झालं. तिथे 2 लिहा.

ही चाचणी खऱ्या इव्हेंटवर करत असाल तर आधी Enable Auto-start बंद करा. ते चालू असेल तर डेटा पोचताच प्रक्षेपण सुरू होतं आणि तुमचा ‘हॅलो हॅलो, ऐकू येतंय का’ सगळ्यांना दिसतो. Enable Auto-stop सुद्धा बंद ठेवा, म्हणजे मध्येच लाइन तुटून No data आलं तरी इव्हेंट आपोआप संपणार नाही आणि त्याच कीवर ओबीएस पुन्हा जोडता येईल. मात्र मग कार्यक्रम संपल्यावर End stream स्वतःच दाबावं लागतं.